रोह्याचा फोटो कुणाचा? मोफत परवान्याचे फोटो आणि श्रेयाची बरोबर ओळ

खेड्यात राहून मराठी ब्लॉग लिहिणारे आता बरेच जण आहेत. कुणी पऱ्हाटीवर लिहितं, कुणी संत्र्याच्या बागेवर, कुणी गावाबाहेरच्या जुन्या देवळावर. मजकूर स्वतःचा असतो, मेहनतीने लिहिलेला असतो. फोटो मात्र गुगलवरून घेतलेला असतो आणि त्याखाली एक ओळ असते, ‘सौजन्य : गुगल’ किंवा ‘छायाचित्र इंटरनेटवरून साभार’. मग कधीतरी एखाद्या अनोळखी पत्त्यावरून ईमेल येतो. हा फोटो अमक्याचा आहे, तुम्ही तो परवानगीविना वापरला, भरपाई द्या. लिहिणारा गोंधळतो. साभार म्हटलं होतं, मग चुकलं कुठे?

याचं उत्तर समजून घ्यायला आपण एकच फोटो धरून सुरुवातीपासून शेवटपर्यंत जाऊ. समजा तुम्ही रोह्यांच्या, म्हणजे नीलगायींच्या, त्रासावर लेख लिहिला आहे. कळपाने येऊन तूर कशी तुडवतात, हरभऱ्याचे शेंडे कसे खुडतात, रातभर जागल करूनही सकाळी वावराची काय दशा होते, हे सगळं तुम्ही लिहिलं. आता सोबत रोह्याचा एक चांगला फोटो हवा आहे. तुमच्या मोबाईलवरचा फोटो रात्रीचा आहे आणि त्यात दोन चमकते डोळे सोडले तर काही दिसत नाही.

## गुगल फोटोचा मालक नाही

गुगलवर ‘रोही’ किंवा ‘नीलगाय’ टाकलं की रांगेने फोटो दिसतात. ते गुगलचे नसतात. कुणीतरी ते काढले, कुठल्या तरी वेबसाइटवर ठेवले आणि गुगल फक्त ते कुठे आहेत एवढं दाखवतं. त्यामुळे ‘सौजन्य : गुगल’ या ओळीतून ज्याने फोटो काढला त्याच्याबद्दल वाचकाला काहीच कळत नाही.

आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. त्यानुसार फोटो काढला की त्यावर काढणाऱ्याचा हक्क आपोआप तयार होतो. कुठे नोंदणी करावी लागत नाही, फोटोवर नाव किंवा गोलातला सी छापावा लागत नाही. काढणारा हयात असेपर्यंत, आणि त्याच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं हा हक्क टिकतो. म्हणजे नेटवर जे फोटो दिसतात त्यांतल्या बहुतेकांना कुणी ना कुणी मालक आहे, नाव दिसो न दिसो. व्हॉट्सॲपवर फिरत आलेल्या फोटोचंही तेच.

कायद्यात काही सवलती आहेत. टीका-समीक्षा करताना किंवा चालू घडामोडीची बातमी देताना एखाद्या कलाकृतीचा वाजवी वापर चालतो. पण लेख बरा दिसावा म्हणून वर फोटो लावणं त्या सवलतीत बसवता येत नाही. आणि मालकाची परवानगी नसेल, तर नुसतं त्याचं नाव लिहिल्यानेही काम भागत नाही. आधी परवानगी, मग श्रेय, असा हा क्रम आहे.

## मग ‘मोफत’ म्हणजे मालकाने नेमकं काय दिलंय?

काही लोक आपला फोटो सगळ्यांना वापरू देतात. दर वेळी विचारायला यावं लागू नये म्हणून ते परवानगी आधीच लिहून ठेवतात. या लेखी परवानगीला परवाना म्हणतात. सर्वांत जास्त चालणारे परवाने क्रिएटिव्ह कॉमन्स या ना-नफा संस्थेने तयार केलेले आहेत. पहिले परवाने २००२ च्या डिसेंबरात आले आणि सध्याची ४.० ही आवृत्ती २०१३ सालची आहे.

या परवान्यांत पैसे द्यायचे नसतात, पण अट असते. एखादा शेतमालक म्हणतो, माझ्या वावरातून खुशाल ये-जा करा, फक्त फाटक लावून घेत जा. त्याने वाट दिली ती फाटकाच्या अटीवर. फाटक सताड उघडं टाकून जाणाऱ्याला ‘तुम्हीच तर वाट दिली’ असं म्हणता येत नाही. फोटोच्या परवान्यात श्रेय देणं हे ते फाटक आहे. आभार मानायचे म्हणून ती ओळ लिहायची नसते. तिच्यामुळेच तुमची परवानगी शाबूत राहते.

परवान्याचं नाव अक्षरांनी लिहिलेलं असतं. `CC BY` म्हणजे श्रेय द्या आणि वापरा. त्यापुढे `SA` असेल तर आणखी एक अट, फोटोत बदल करून तो प्रसिद्ध केला तर बदललेला फोटोही त्याच परवान्याखाली इतरांना खुला ठेवा. `NC` असेल तर व्यापारी वापर नको. `ND` असेल तर बदललेला फोटो प्रसिद्ध करू नका. `CC0` म्हणजे मालकाने सगळे हक्क सोडून दिलेत, तिथे श्रेयाचीही सक्ती नाही. एवढी अक्षरं ओळखता आली की नव्वद टक्के गोष्ट हाती आली असं मी समजतो. रोह्याच्या फोटोला आपल्याला मुख्यतः `CC BY` आणि `CC BY-SA` हे दोनच भेटणार आहेत.

## शोधायचं कुठे, आणि कोणत्या नावाने?

माझी पहिली पसंती विकिमीडिया कॉमन्सला, पत्ता `commons.wikimedia.org`. विकिपीडियाला लागणाऱ्या चित्रांचं हे कोठार २००४ पासून चालू आहे आणि त्यात आज दहा कोटींहून जास्त फाइली आहेत. ब्लॉग लिहिणाऱ्याच्या दृष्टीने याचा मोठा फायदा असा की `NC` किंवा `ND` हाच एकमेव परवाना असलेला फोटो इथे घेतच नाहीत. म्हणजे निम्मी गुंतागुंत दारातच संपते.

इथे मराठीत ‘रोही’ शोधलंत तर फारसं काही हाती लागणार नाही. ‘nilgai’ टाकलं की पुष्कळ फोटो येतील. पण सगळ्यांत चांगली युक्ती म्हणजे शास्त्रीय नावाने शोधणं. कॉमन्सवर प्राणी, झाडं, किडी यांचे विभाग शास्त्रीय नावाने लावलेले असतात. रोह्याचं नाव `Boselaphus tragocamelus`. हे नाव मराठी विकिपीडियावरच्या नीलगाय या लेखात मिळतं. पळस हवा असेल तर `Butea monosperma`, गुलाबी बोंडअळी हवी असेल तर `Pectinophora gossypiella`. इंग्रजी किंवा हिंदी बोलीनावं भलतीकडे नेतात, शास्त्रीय नाव थेट विभागात नेऊन सोडतं.

शोधपानावर परवान्यानुसार गाळणी लावायचीही सोय आहे. फक्त श्रेय देऊन वापरता येणारे, श्रेय आणि तोच परवाना असलेले, कसलीच अट नसलेले, असे गट तिथे निवडता येतात.

फोटो निवडताना शेतकरी वाचकाची नजर विसरू नका. नर रोही निळसर करडा असतो, त्याला आखूड सरळ शिंगं असतात आणि गळ्यावर पांढरा डाग असतो. मादी तपकिरी आणि बिनशिंगाची. लेखात तुम्ही माद्या-पिल्लांच्या कळपाबद्दल लिहिलं आणि वर एकटा नर लावला, तर गावातला माणूस ते लगेच ओळखतो. दुसरं म्हणजे ठिकाण बघा. कॉमन्सवरचे कित्येक फोटो परदेशी प्राणिसंग्रहालयांतले आहेत. अमेरिकेत टेक्सासमध्ये तर माणसांनीच हा प्राणी नेऊन सोडला आणि तो तिथे रानात वाढला. त्यामुळे मोकळ्या माळावरचा रोही दिसला म्हणजे तो भारतातलाच असेल असं नाही. ठिकाण फोटोच्या वर्णनात लिहिलेलं असतं, ते वाचून मगच निवडा.

कॉमन्सवर नाही मिळालं तर `openverse.org` बघा. तिथे बऱ्याच ठिकाणचे खुल्या परवान्याचे फोटो एकत्र शोधता येतात. गुगलच्या फोटोशोधातही `Tools` मध्ये `Usage rights` आहे आणि त्यात क्रिएटिव्ह कॉमन्सचा पर्याय मिळतो. पण गुगल फक्त त्या वेबसाइटने जे सांगितलं तेच पुढे दाखवतं. परवाना खरोखर काय आहे ते मूळ पानावर जाऊनच वाचावं लागतं. निसर्गावर लिहिणाऱ्यांना प्राणी-वनस्पतींच्या नोंदी ठेवणाऱ्या `iNaturalist` या वेबसाइटवरचे फोटो मोहात पाडतात, आणि ते असतातही सुंदर. मात्र तिथे नोंद करणाऱ्याने वेगळं काही निवडलं नसेल तर फोटोला `CC BY-NC` लागतो, हे ध्यानात ठेवा.

## ‘विकिपीडियावर होता, मग मोफतच ना?’

नेहमीच नाही. इंग्रजी विकिपीडियावर सिनेमाची पोस्टरं, कंपन्यांची चिन्हं, काही दिवंगत व्यक्तींचे फोटो हे मालकाच्या परवान्याशिवाय, अमेरिकी कायद्यातल्या सवलतीच्या आधाराने ठेवलेले असतात. ती सवलत त्या लेखापुरती असते, तुमच्या ब्लॉगला ती मिळत नाही. ओळखायचं कसं? फोटोवर दाबून त्याच्या पानावर जा. ते पान कॉमन्सचं असेल तर पुढे वाचा. पान विकिपीडियाचंच असेल आणि त्यावर ‘non-free’ असा शब्द दिसला तर तो फोटो सोडून द्या.

## फोटोचं पान वाचायचं कसं

कॉमन्सवर रोह्याचा एक फोटो पसंत पडला. त्यावर दाबलं की त्या फाइलचं स्वतंत्र पान उघडतं. घाई करणारा माणूस इथून फोटो उतरवून निघून जातो, आणि श्रेयाची सगळी गडबड तिथेच सुरू होते. दोन मिनिटं थांबून पान खाली सरकवा.

`Summary` नावाच्या चौकटीत `Description` आहे, त्यात फोटो कशाचा आणि कुठला ते सांगितलेलं असतं. `Source` समोर `Own work` असेल तर चढवणाऱ्यानेच तो काढला आहे. तिथे दुसऱ्या वेबसाइटचा पत्ता असेल तर फोटो तिकडून आणला आहे. `Author` समोर काढणाऱ्याचं नाव असतं. हेच नाव श्रेयात जायला हवं. पानाच्या इतिहासात चढवणाऱ्याचं नाव दिसतं ते वेगळं असू शकतं. फोटो एकाने काढायचा, दुसऱ्याने कॉमन्सवर आणायचा, असं खूपदा होतं. श्रेय काढणाऱ्याचं.

त्याखाली `Licensing`. आपल्या फोटोला समजा `CC BY-SA 4.0` आहे. आकडाही लिहून घ्या. २.०, ३.० आणि ४.० यांच्या अटींत फरक आहे आणि तो पुढे कामाला येतो. काही छायाचित्रकार याच चौकटीत आपलं श्रेय नेमकं कोणत्या शब्दांत द्यावं तेही लिहून ठेवतात. तसं असेल तर त्यांचेच शब्द घ्या.

आता उतरवायचं. मूळ फाइल पाचसहा एमबीची असू शकते. गावातल्या नेटवर्कवर वाचकाला तेवढा फोटो उघडेपर्यंत वाट बघावी लागेल. पानावर लहान आकार दिलेले असतात. ब्लॉगसाठी हजार-बाराशे पिक्सेल रुंदीचा भरपूर होतो. त्याच वेळी त्या पानाचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा, तारखेसह. क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना एकदा दिला की घेतलेल्यांकडून परत काढून घेता येत नाही. मालकाने पुढे विचार बदलला तरी ज्याने आधी घेतला त्याचा हक्क कायम राहतो. पण तुम्ही घेतला त्या दिवशी परवाना काय होता, हे दाखवायला काहीतरी हातात असलेलं बरं.

## श्रेयाची ओळ

ओळीत चार गोष्टी याव्या. फोटोचं नाव, काढणाऱ्याचं नाव, फोटो जिथून घेतला त्या पानाचा दुवा आणि परवान्याचं नाव त्याच्या दुव्यासह. ४.० आवृत्तीत फोटोच्या नावाची सक्ती राहिलेली नाही, आधीच्या आवृत्त्यांत मालकाने नाव दिलं असेल तर ते लिहावं लागतं. मी म्हणतो, लिहूनच टाका, म्हणजे आवृत्ती आठवत बसायला नको. फोटोत काही बदल केला असेल तर ते पाचवं.

रोह्याच्या फोटोखाली ओळ अशी दिसेल:

छायाचित्र : ‘रोही, नर’ – छायाचित्रकाराचं नाव, विकिमीडिया कॉमन्स, `CC BY-SA 4.0`. कडेने कापला आहे.

आणि ब्लॉगच्या एचटीएमएलमध्ये अशी:

```html
<figure>
  <img src="rohi.jpg" alt="हरभऱ्याच्या वावरात उभा नर रोही">
  <figcaption>
    छायाचित्र :
    <a href="फाइलच्या पानाचा पत्ता">फोटोचं नाव</a> –
    छायाचित्रकाराचं नाव, विकिमीडिया कॉमन्स,
    <a href="https://creativecommons.org/licenses/by-sa/4.0/">CC BY-SA 4.0</a>.
    कडेने कापला आहे.
  </figcaption>
</figure>
```

कोडला घाबरायचं कारण नाही. ब्लॉगर किंवा वर्डप्रेसमध्ये फोटोखाली कॅप्शनची जागा असते, तिथे ही ओळ टाकून शब्द निवडून दुवे जोडले की झालं. `alt` ही वेगळी गोष्ट आहे. फोटो न दिसणाऱ्या वाचकाला तो शब्दांत सांगण्यासाठी ती जागा आहे. श्रेय तिथे टाकलं तर ते बाकीच्या वाचकांना दिसत नाही, म्हणून ते चालत नाही.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी एक खास सूचना. छायाचित्रकाराचं नाव त्याने रोमन लिपीत दिलं असेल तर ते तसंच ठेवा. विशेषतः अंक आणि टिंबं असलेलं वापरकर्तानाव देवनागरीत आणलं की त्याला शोधणं अशक्य होतं, आणि ज्याच्यासाठी ओळ लिहिली तो माणूसच तीत सापडत नाही. हवं तर देवनागरी सोबत लिहा, मूळ मात्र असू द्या.

दुवा फाइलच्या पानाचाच द्या. नुसतं `commons.wikimedia.org` दिलं तर दहा कोटींतून तो फोटो वाचकाने शोधायचा कसा? ‘विकिपीडियावरून साभार’ ही ओळही म्हणूनच अपुरी आहे. तीत ना काढणाऱ्याचं नाव, ना परवाना.

कॉमन्सवर फोटो उतरवताना श्रेयाची तयार ओळही मिळते. ती नकलून घ्यायला हरकत नाही. फक्त चिकटवल्यावर दुवे शाबूत राहिलेत का ते बघा, बऱ्याचदा ते गळून नुसता मजकूर उरतो. आणि तुम्ही केलेला बदल त्या ओळीला कुठून ठाऊक असणार? तो तुम्हीच जोडायचा.

## फोटो कापला किंवा त्यावर मराठीत लिहिलं तर?

`CC BY` आणि `CC BY-SA` दोन्हींत बदल चालतो. बदल केल्याचं सांगावं लागतं, एवढंच. ‘कडेने कापला आहे’, ‘मराठी अक्षरं जोडली आहेत’, इतकं पुरे.

`SA` बद्दल एक भीती मला वारंवार ऐकू येते. हा फोटो लावला तर माझा अख्खा लेखच सगळ्यांना फुकट द्यावा लागेल का? नाही. लेखाशेजारी फोटो ठेवला म्हणून लेख त्या फोटोची सुधारित आवृत्ती होत नाही. तुमचा मजकूर तुमचाच राहतो. पण समजा त्याच फोटोवर तुम्ही बाण काढून ‘आखूड शिंगं’, ‘गळ्यावरचा पांढरा डाग’ असं लिहून नवं चित्र तयार केलंत, तर ते नवं चित्र `CC BY-SA 4.0` खाली खुलं ठेवावं लागेल. श्रेयाच्या ओळीत तसं सांगा: ‘मराठी अक्षरं जोडली आहेत. हे चित्रही `CC BY-SA 4.0` खाली वापरता येईल.’ उद्या कुणी कृषी सहायक ते चित्र आपल्या पत्रकात घेईल. त्याने तुमचं आणि मूळ छायाचित्रकाराचं, दोघांचंही नाव द्यायचं.

## ‘माझा ब्लॉग लहान, पैसे मिळत नाहीत, कोण बघतंय?’

बघायला माणसाची गरज राहिलेली नाही. एक फोटो देऊन तो नेटवर कुठे कुठे आहे ते शोधणाऱ्या सेवा आहेत आणि काही छायाचित्रकार त्या नेमाने वापरतात. दहा वाचकांचा ब्लॉगही त्यात सापडतो.

इथे तो आवृत्तीचा आकडा कामाला येतो. ४.० च्या आधीच्या परवान्यांत अट मोडली की परवानगी तिथल्या तिथे संपते. नंतर श्रेय दुरुस्त केलं तरी ती आपोआप परत मिळत नाही. याचा फायदा घेऊन जुन्या परवान्याचे फोटो चढवायचे आणि श्रेयात चूक करणाऱ्यांकडून पैसे मागत हिंडायचं, असा धंदा करणारेही निघाले. ४.० मध्ये म्हणून सुधारणा झाली. चूक लक्षात आल्यापासून ३० दिवसांत ती दुरुस्त केली, तर परवानगी आपोआप पुन्हा चालू होते. मधल्या काळातल्या चुकीबद्दल मालक दाद मागू शकतो, तो हक्क त्याच्याकडे राहतो. तरी पुढचा वापर सुरक्षित होतो. दोन सारखेच फोटो समोर असतील तर मी ४.० चा घेतो, त्याचं कारण हेच. फ्लिकर या फोटो ठेवायच्या वेबसाइटवर २.० चे फोटो अजून पुष्कळ आहेत, तिथे श्रेयाची ओळ जास्त काळजीने लिहा.

तक्रार आलीच तर ईमेल दडपू नका आणि घाबरून लगेच पैसेही पाठवू नका. फोटो खरंच त्यांचा आहे का, परवाना कोणता होता, आपल्या ओळीत काय राहिलं, हे आधी स्क्रीनशॉटवरून ताडून बघा. ओळ सुधारा किंवा फोटो काढा आणि तसं लेखी कळवा. मोठी रक्कम मागत असतील तर तालुक्याच्या ठिकाणी वकिलाला कागद दाखवून मगच उत्तर द्या.

पैसे मिळत नाहीत हा मुद्दा `NC` च्या फोटोंपुरता उपयोगी पडतो. पण ब्लॉगवर जाहिराती चालू असतील, किंवा एखादं कृषी सेवा केंद्र ब्लॉगला पैसे देत असेल, तर तो व्यापारी वापर म्हणायचा की नाही यावर वाद उभा राहू शकतो. कृषी सेवा केंद्राच्या मालाची भलावण करणाऱ्या लेखात तर `NC` चा फोटो नकोच. आज जाहिरात नाही पण उद्या लावायचा विचार आहे, तरीही नको. जुन्या लेखांतले फोटो तेव्हा कुणी तपासत बसत नाही.

## ‘परवाना लिहिलाय म्हणजे खराच असणार ना?’

दुर्दैवाने नाही. दुसऱ्याचा फोटो उचलून, आपला म्हणून, मोफत परवान्याखाली चढवणारे लोक असतात. ज्याचा फोटोच नाही त्याने दिलेल्या परवान्याला अर्थ नाही, आणि खऱ्या मालकाने विचारलं तर ‘तिथे तसं लिहिलं होतं’ हे उत्तर पुरत नाही.

शंका कशावरून यावी? `Own work` लिहिलंय, पण फोटो जेमतेम सहाशे पिक्सेलचा आहे. आजचा साधा मोबाईलही याहून कितीतरी मोठा फोटो काढतो, मग मालकाकडे एवढासाच कसा? पानाच्या तळाशी `Metadata` मध्ये कॅमेऱ्याची माहिती असते, ती अजिबात नाही. कोपऱ्यात वृत्तवाहिनीच्या चिन्हाचा तुकडा दिसतो. चढवणाऱ्याचे बाकीचे फोटो पाहिले तर एक हिमालयातला, एक सिनेनटीचा, एक क्रिकेटच्या मैदानातला, आणि प्रत्येकाचा बाज वेगळा. यातली एक खूण असली तर फोटो चोरीचाच असेल असं नाही. दोन-तीन एकत्र दिसल्या तर तो सोडा.

खात्री करायला `tineye.com` वर फोटो टाका आणि निकाल सर्वांत जुन्यापासून लावा. कॉमन्सवर चढवल्याच्या तारखेआधी तो दुसरीकडे, दुसऱ्याच्या नावाने दिसत असेल तर उत्तर मिळालं. गुगल लेन्सनेही हे बघता येतं. फ्लिकरवरून आलेल्या फोटोंच्या पानावर कॉमन्सची तपासणीची खूण असते. त्यावरून फ्लिकरवर त्या दिवशी तोच परवाना होता एवढं कळतं. फ्लिकरवर चढवणारा खरा मालक होता की नाही, हे त्यातून सिद्ध होत नाही.

## फोटोत माणूस असेल तर

रोह्याचं एक बरं आहे, त्याची बदनामी होत नाही. माणसाची होते. मोफत परवाना देतो तो छायाचित्रकार, आणि तो देतो स्वतःचा हक्क. फोटोतल्या माणसाची संमती त्यात येत नाही. क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवानेही हे स्पष्ट सांगतात.

विदर्भावर लिहिताना हे फार जपायला हवं. कर्जबाजारीपणावर किंवा आत्महत्यांवर लेख असतो आणि त्यावर कॉमन्सवरून आणलेला कुठल्या तरी शेतकऱ्याचा सुरकुतलेला चेहरा लावलेला असतो. परवाना बरोबर, श्रेय बरोबर. पण तो माणूस कदाचित आपल्या वावरात सुखाने उभा होता. तुमच्या लेखाने त्याला कर्जबाजारी ठरवलं, आणि तो फोटो त्याच्या गावात, त्याच्या सोयऱ्यांपर्यंत पोचू शकतो. ओळखू येणारा चेहरा अशा लेखावर लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. कोरडं पडलेलं वावर, वेचणीनंतरच्या पऱ्हाट्या, बाजार समितीबाहेरच्या गाड्या, यांनीही तेच सांगता येतं. माणूस दाखवायचाच असेल तर कॅप्शनमध्ये तो फोटो कुठला आणि केव्हाचा ते लिहा, आणि ‘लेखातील मजकुराशी या व्यक्तीचा संबंध नाही’ हे फोटोलगतच सांगा.

## आपल्याकडचा फोटोच सापडत नाही तेव्हा

रोही सापडतो, पळस सापडतो, लोणारचं सरोवर तर भरपूर सापडतं. पण तान्ह्या पोळ्यातला लाकडी नंदीबैल ओढणारा पोरगा, वायगावच्या हळदीचं शेत, तुमच्या गावच्या आठवडी बाजारातलं मोहफुलाचं टोपलं, हे शोधायला गेलात तर निराशा होईल. मग दुसऱ्या कुठल्या राज्यातला मिळताजुळता फोटो लावून वेळ मारून नेण्यापेक्षा मालकाला विचारणं चांगलं. तालुक्यात लग्नाचे फोटो काढणारे, शाळेतले हौशी मास्तर, पक्षी टिपणारी पोरं असतातच, आणि त्यांच्याकडे असे फोटो पडून असतात.

तोंडी ‘घे ना भाऊ, त्यात काय’ यावर थांबू नका. व्हॉट्सॲपवर लेखी घ्या. फोटो तोच पाठवा, म्हणजे परवानगी कोणत्या फोटोला दिली ते त्याच संदेशात राहील. मजकूर साधा ठेवा:

‘दादा, वर पाठवलेला तान्ह्या पोळ्याचा फोटो तुम्हीच काढलेला आहे ना? तो माझ्या ब्लॉगवर पोळ्याच्या लेखात वापरायची परवानगी हवी आहे. ब्लॉगवर जाहिराती आहेत. फोटो कडेने थोडा कापावा लागेल. खाली तुमचं नाव कसं लिहू ते सांगा. हाच फोटो फेसबुकवर लेखासोबत दिसला तर चालेल का? फोटोतल्या मुलाच्या घरच्यांची हरकत नाही ना?’

उत्तर आलं की तो संवाद जपून ठेवा आणि फोटोखाली लिहा: ‘छायाचित्र : अमुक अमुक, तमुक गाव. छायाचित्रकाराच्या परवानगीने. इतरत्र वापरासाठी त्यांची परवानगी घ्यावी.’ हे शेवटचं वाक्य आवश्यक आहे, कारण त्यांनी परवानगी दिली ती तुम्हाला, तुमच्या वाचकांना नाही. वाचकांनीही तो वापरावा असं त्यांना वाटत असेल तर त्यांनी स्वतःच्या खात्यावरून तो कॉमन्सवर `CC BY-SA 4.0` खाली चढवावा. चढवण्याआधी त्यांना एवढं नक्की सांगा की हा परवाना व्यापारी वापरालाही मोकळा आहे आणि एकदा दिला की परत घेता येत नाही. हे कळल्यावर ते नाही म्हणाले, तर फोटो तुमच्या लेखापुरताच ठेवा.